बाल विज्ञान परिषदेसाठी पोस्टर: ‘हवामान बदल आणि शेती’ हा विषय उसाच्या सरीत कसा आणायचा?

शाळेत बाल विज्ञान परिषदेची सूचना लागली की कराड, इस्लामपूर, पलूसकडची बरीच मुलं एकच विषय घेतात, ‘हवामान बदलाचा शेतीवर होणारा परिणाम’. पोस्टरवर वितळणारा बर्फ येतो, भेगाळलेली जमीन येते, डोक्याला हात लावून बसलेला शेतकरी येतो. मग परीक्षक समोर उभे राहतात आणि एकच प्रश्न विचारतात, ‘यात तू स्वतः काय मोजलंस?’ तिथं गाडी अडते.

राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ पासून भरते आणि ती १० ते १७ वयोगटातल्या मुलांसाठी असते. प्रकल्प आपल्या भाषेत मांडता येतो. आपल्या परिसरातला प्रश्न घ्यायचा, तो स्वतः मोजायचा आणि लोकांसमोर मांडायचा, अशी तिची अपेक्षा असते. म्हणून आजच्या लेखात आपण विषयांची लांबलचक यादी करणार नाही. कराडच्या शिवारातला एक विषय घेऊ, तो प्रश्नापासून पोस्टरपर्यंत पूर्ण करू, आणि शेवटी त्याच पद्धतीनं होणारे आणखी दोन विषय पाहू.

आधी विषय लहान करा

‘हवामान बदल’ हा तीस-तीस वर्षांच्या सरासरीचा मामला आहे. तुमच्या हातात दोन-तीन महिने आहेत. त्यामुळे हवामान बदल तुम्ही शेतात ‘सिद्ध’ करू शकत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका. तुम्हाला करता येईल ते एवढंच: वाढत्या उन्हात शेतातली एखादी पद्धत काय फरक पाडते, ते मोजणं. त्यासाठी चार गोष्टी ठरवा. एक जागा, एक पीक, मोजायची एक गोष्ट आणि एक तुलना.

कराडच्या आसपास कृष्णा-कोयनेच्या पाण्यावर ऊस उभा असतो. तोडणी झाली की वाढे जनावरांना जातात आणि वाळलेली पानं म्हणजे पाचट शेतात राहतं. बरेच जण ते पेटवून देतात. आता आपला प्रश्न असा होतो:

‘खोडव्याच्या सरीत पाचट ठेवलं, तर उन्हाळ्यात मातीचं तापमान आणि ओल यांत किती फरक पडतो?’

या प्रश्नाचं उत्तर आकड्यात येतं. आणि हे उत्तर ऐकण्यात रस असलेला एक माणूस घरातच आहे, काडी लावायची की नाही हे ठरवणारा.

त्याची बाजू आधी समजून घ्या. पाचट सरीत असलं की पाणी नीट सरकत नाही, बगला फोडायला अडचण होते, उंदरांची भीती असते, आणि शेजाऱ्यानं पेटवलं तर आपल्याही शेतात आग येते. ही सगळी कारणं खरी आहेत. पोस्टरवर ती लिहा. ‘शेतकरी अडाणीपणानं पाचट जाळतात’ असं लिहिणाऱ्या पोस्टरवर शेतकऱ्याचा विश्वास बसत नाही.

धुराबद्दलची एक चूक आधीच टाळा

अनेक पोस्टरवर असतं, ‘पाचट जाळल्यानं कार्बन डायऑक्साइड हवेत जातो म्हणून पृथ्वी तापते.’ हे अर्धंच बरोबर आहे. पाचटातला कार्बन उसानं वर्षभरात हवेतूनच घेतलेला असतो. पाचट शेतात कुजलं तरी त्यातला बराचसा भाग हळूहळू हवेत परत जातो. म्हणून नुसता कार्बन डायऑक्साइड दाखवून मुद्दा सिद्ध होत नाही.

खरा फरक दुसरीकडे आहे. जळताना काजळी, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतात. पाचटातला नत्र उडून जातो. कुजून मातीत मिसळला असता तो सेंद्रिय भाग मिळत नाही, आणि जमिनीवरचं आच्छादन जातं. यातल्या वायूंचं मोजमाप शाळेत होणार नाही. आच्छादन गेल्याचा परिणाम मात्र साध्या थर्मामीटरनं मोजता येतो. आपला विषय तोच आहे.

प्रयोगाची मांडणी: सव्वा गुंठ्यात सहा तुकडे

जानेवारी-फेब्रुवारीत तुटलेला ऊस निवडा, म्हणजे मार्च-एप्रिलचं ऊन खोडव्यावर मिळेल. परिषदेची सूचना आल्यावर सुरुवात केली आणि तेव्हा शेतात ऊस उभाच असला, तर मोजायला काही मिळत नाही. त्यामुळे आधीच्या हंगामातच माहिती गोळा करून ठेवलेली बरी.

घरी एवढंच मागा, ‘शेताचा सव्वा गुंठा द्या.’ तीन सऱ्या रुंद आणि पाच मीटर लांब असा एक तुकडा धरा. सरी साडेचार फुटांची असेल तर एक तुकडा साधारण २० चौरस मीटरचा होतो. असे सहा तुकडे आखा. तीन तुकड्यांत पाचट ठेवायचं आणि तीन तुकड्यांतलं काढून बाजूला करायचं. जाळायचं कुठेही नाही. ‘पाचट नाही’ एवढी तुलना आपल्याला पुरते.

तुकडे एकाआड एक ठेवा, पाचट, खुला, पाचट, खुला असे. तिन्ही खुले तुकडे पाटाजवळ आणि तिन्ही पाचटाचे लांब असं झालं, तर दिसणारा फरक पाचटाचा आहे की पाण्याचा, ते कधीच कळणार नाही. सगळ्या तुकड्यांना पाणी एकाच दिवशी द्या. मोजमाप फक्त मधल्या सरीत करा, कारण कडेच्या सरीवर शेजारच्या तुकड्याचा परिणाम होतो.

पाचट किती टाकलं तेही मोजायचं. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी काठ्यांची चौकट करा, तिच्यातलं पाचट गोळा करून वजन करा. समजा ०.९ किलो भरलं. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर, म्हणून एकरी साधारण ३.६ टन पाचट झालं. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं असं ऊस शेतीत सहसा धरलं जातं, म्हणजे तुमचा आकडा त्याच्या आसपास आहे. तुमचं उत्तर एकरी २० टन आलं तर समजा, पाचट ओलं होतं किंवा हिशेब चुकला.

पाचट सरीत दाबून बसवा आणि बुडखे उघडे ठेवा. बुडख्यांवर पाचटाचा थर राहिला की फुटवे उशिरा येतात, आणि मग घरातले म्हणतील, ‘बघ, तुझ्या प्रयोगानं ऊस मागं पडला.’ पाचट कुजवण्यासाठी टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत अशी मात्रा सांगितली जाते. युरिया यासाठी की पाचट कुजवणारे जिवाणू सुरुवातीला मातीतलाच नत्र वापरतात आणि पिकाला तो कमी पडतो. तुम्ही ही मात्रा वापरली तर पोस्टरवर तसं लिहा.

तापमान कसं घ्यायचं?

इथं मोबाईलचा पहिला मोह आवरा. हवामानाच्या ॲपमध्ये दिसतं ते तुमच्या सरीतलं तापमान नसतं. तो त्या भागातल्या हवेचा अंदाज असतो. काही ॲप फोनचं ‘तापमान’ दाखवतात, पण तो बहुतेक वेळा तापलेल्या बॅटरीचा आकडा असतो. म्हणून प्रयोगशाळेतला साधा थर्मामीटर किंवा टोकदार सळईचा डिजिटल थर्मामीटर वापरा.

सुरुवात करण्याआधी थर्मामीटर बर्फ घातलेल्या पाण्यात पाच मिनिटं धरा. आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. १ अंश आला तर पुढच्या प्रत्येक नोंदीतून १ वजा करा. शक्यतो सहाही तुकड्यांसाठी एकच थर्मामीटर वापरा.

नोंद दिवसातून दोनदा घ्या, सकाळी ७ ला आणि दुपारी २ ला. पातळ सळईनं ५ सेंटिमीटर खोल भोक पाडा, थर्मामीटर घाला, दोन मिनिटं थांबा आणि आकडा लिहा. ही खोली पाचटाच्या वरून मोजायची नाही, मातीच्या पृष्ठभागापासून मोजायची. पाचटाचा थर चार बोटं असेल आणि तुम्ही वरून मोजलं, तर थर्मामीटर मातीत पोचतच नाही, आणि फरक उगाच मोठा दिसतो. सहाही नोंदी वीस मिनिटांत संपवा, कारण दुपारी माती भरभर तापते.

सकाळची नोंद चुकवू नका. पाचट दुपारी ऊन अडवतं तसं रात्री मातीतली ऊब धरूनही ठेवतं. त्यामुळे सकाळी पाचटाखालची माती उघड्या मातीपेक्षा थोडी उबदार मिळू शकते. दुपारचेच आकडे घेतले तर अर्धीच गोष्ट कळते.

ओल कशी मोजायची?

पाणी दिल्यानंतर दुसऱ्या, पाचव्या आणि नवव्या दिवशी प्रत्येक तुकड्यातून १० सेंटिमीटर खोलीपर्यंतची मूठभर माती घ्या. लगेच झाकणाच्या डब्यात बंद करा, नाहीतर घरी जाईपर्यंतच ती सुकते. वजन करा, मग शाळेच्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर २४ तास वाळवा आणि पुन्हा वजन करा.

समजा ओली माती १२० ग्रॅम होती आणि वाळल्यावर ९६ ग्रॅम राहिली. पाणी गेलं २४ ग्रॅम. त्याला वाळलेल्या वजनानं भागायचं: २४ ÷ ९६ × १०० = २५ टक्के. बरेच जण ओल्या वजनानं भागतात आणि २० टक्के काढतात. दोन्हींपैकी एकच पद्धत सगळीकडे हवी, आणि मातीच्या बाबतीत वाळलेलं वजनच वापरतात.

ओव्हन नसेल तर माती उन्हात वाळवता येते, पण आपल्या काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण जास्त असल्यामुळे ती उन्हात वाळली तरी थोडं पाणी धरून ठेवते. मग तुमचा टक्का खऱ्यापेक्षा कमी येतो. तुकड्यांची आपसात तुलना तरीही करता येते. फक्त ‘उन्हात वाळवलेली माती’ असं पोस्टरवर लिहा.

आकड्यांचा अर्थ लावताना

शीटमध्ये `A` रकान्यात तारीख, `B` ते `D` मध्ये तीन खुले तुकडे आणि `E` ते `G` मध्ये तीन पाचटाचे तुकडे भरा. `H` मध्ये हे सूत्र टाका:

```
=AVERAGE(B2:D2)-AVERAGE(E2:G2)
```

आता उदाहरण म्हणून एका दुपारचे आकडे धरू. खुले तुकडे ३८.५, ३७.० आणि ३९.५, पाचटाचे ३३.०, ३२.५ आणि ३४.०. सरासरीतला फरक येतो सुमारे ५.२ अंश. पण इथं थांबू नका. खुल्या तुकड्यांकडे परत बघा. त्यांच्यात आपसातच ३७ ते ३९.५, म्हणजे अडीच अंशांचा फरक आहे. पाचटामुळे पडलेला फरक त्याच्या दुप्पट आहे आणि पाचटाचा सगळ्यात गरम तुकडाही खुल्यातल्या सगळ्यात थंड तुकड्यापेक्षा थंड आहे. म्हणून दावा टिकतो. पाचटामुळे फरक एक अंशाचा आणि खुल्या तुकड्यांतला आपसातला फरक अडीच अंशांचा असता, तर ‘फरक स्पष्ट दिसला नाही’ असं लिहावं लागलं असतं. तेही उत्तरच आहे, आणि परीक्षकांना ते चालतं.

हळूहळू खोडवा वाढून सरी झाकतो. मग उघड्या मातीवरही सावली येते आणि दोन्हींतला फरक कमी होत जातो. तुमच्या आलेखाची रेघ शेवटी खाली आली तर घाबरू नका. पिकाची उंची लिहून ठेवलेली असेल तर तिचं कारणही तुम्हाला सांगता येईल.

तीस वर्षांचं हवामान मोबाईलवर कुठून आणायचं?

शेतातला भाग झाला. आता ‘हवामान बदल’ हा शब्द पोस्टरवर लिहायचा हक्क मिळवायला जुनी माहिती लागते. अमेरिकेच्या नासा संस्थेचं पॉवर नावाचं संकेतस्थळ ती मोफत देतं, १९८१ पासूनची. नकाशावर आपल्या शेतावर बोट दाबून अक्षांश-रेखांश घ्या आणि ब्राउझरमध्ये हा पत्ता टाका. हे आकडे कराडचे आहेत:

```
https://power.larc.nasa.gov/api/temporal/daily/point?parameters=T2M_MAX&community=AG&longitude=74.18&latitude=17.28&start=19910101&end=20201231&format=CSV
```

`T2M_MAX` म्हणजे जमिनीपासून दोन मीटर उंचीवरच्या हवेचं त्या दिवसाचं कमाल तापमान. फाईल उतरली की शीटमध्ये उघडा. वरच्या काही ओळी माहितीच्या असतात आणि `-END HEADER-` नंतर आकडे सुरू होतात. तीस वर्षांच्या जवळपास अकरा हजार ओळी होतात, त्यामुळे साधा फोन अडखळू शकतो. तसं झालं तर `start` आणि `end` बदलून दहा-दहा वर्षं उतरवा. मग प्रत्येक वर्षाचा फक्त एप्रिल वेगळा काढून सरासरी घ्या.

ज्या दिवसाची माहिती नसते तिथं `-999` लिहिलेलं असतं. ते सरासरीत शिरलं तर एका दिवसामुळे सगळा एप्रिल बर्फासारखा थंड होतो! म्हणून कमाल तापमानाचा रकाना `D` असेल तर असं सूत्र वापरा:

```
=AVERAGEIF(D2:D31,">-100")
```

दुसरा सापळा मोठा आहे. हे आकडे तुमच्या शेतात ठेवलेल्या यंत्राचे नाहीत. पृथ्वीचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला संगणकानं एक आकडा दिलेला असतो, आणि आपल्याकडे असा एक चौकोन सुमारे ५५ किलोमीटर गुणिले ६५ किलोमीटरचा असतो. एकदा कराडचे अक्षांश-रेखांश टाका, मग वडूजचे टाका. आकडे तेच आले तर समजा, दोन्ही गावं एकाच चौकोनात आहेत.

तापमानाचा कल पाहायला हे चालून जातं. पावसासाठी मात्र जपून! कोयनानगरला एका पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, पूर्वेला कराडला त्याचा लहानसा हिस्सा पडतो आणि पुढे खटाव-माणकडे दुष्काळी पट्टा लागतो. इतक्या कमी अंतरात इतका फरक असताना एक मोठा चौकोन तुमच्या गावचा पाऊस सांगू शकत नाही. पावसासाठी राज्य सरकारच्या `maharain.maharashtra.gov.in` वरची मंडळनिहाय नोंद पाहा, किंवा जवळच्या पर्जन्यमापकाचे आकडे मिळवा.

पोस्टरवर काय लिहायचं?

आकार आणि संख्या त्या वर्षीच्या नियमावलीत बघा. मजकुरासाठी मात्र एक नियम पाळा. दोन दावे वेगवेगळे ठेवायचे. पहिला दावा चौकोनाच्या आकड्यांवरून: ‘गेल्या तीस वर्षांत आमच्या भागातल्या एप्रिलच्या कमाल तापमानाचा कल असा दिसतो.’ तो वाढलेला, स्थिर किंवा खालीवर होणारा असेल, जसा असेल तसा लिहा. दुसरा दावा शेतातल्या मोजमापावरून: ‘आमच्या शेतात पाचटाखालची माती दुपारी सरासरी इतके अंश थंड राहिली आणि नवव्या दिवशी ओल इतकी जास्त होती.’

‘पाचट ठेवल्यानं हवामान बदल थांबतो’ असं वाक्य या दोन्हींतून निघत नाही. निघतं ते एवढं: ऊन वाढलं तर सरीतली ओल टिकवायला पाचट कितपत कामाला येतं. एका शेतावर, एका हंगामात आणि एका प्रकारच्या मातीत केलेला प्रयोग आहे, हेही खाली लिहा. उसाचं वजन तुम्ही मोजलेलं नाही, म्हणून ‘उत्पादन वाढतं’ असं लिहू नका.

शीर्षक प्रश्नाच्या रूपात ठेवा, मधोमध एकच मोठा आलेख ठेवा, आणि नोंदवही सोबत न्या. चिखलाचे डाग पडलेली, तारीखवार लिहिलेली वही पाहिली की परीक्षकांचे प्रश्नच बदलतात. ‘हे कुठून घेतलं?’ असं न विचारता ते विचारतात, ‘१४ तारखेला आकडा एकदम खाली का आला?’ आणि तुम्हाला आठवत असतं, आदल्या रात्री वळीव झाला होता.

याच पद्धतीनं आणखी दोन विषय

तासगावकडे द्राक्ष असेल, तर अवकाळी पाऊस आणि डाऊनी घ्या. बागेत ठरावीक वेली निवडा, पाऊस झाल्यावर पुढचे काही दिवस सकाळी पानं किती वाजेपर्यंत ओली राहतात ते लिहा, आणि दर आठवड्याला १०० पानांमागे डाग असलेली पानं मोजा. फवारणीची तारीख नोंदवलीच पाहिजे, नाहीतर पावसाचा परिणाम कुठला आणि औषधाचा कुठला, ते वेगळं करता येत नाही.

मिरज-वाळव्याकडे क्षारपड जमीन असेल, तर एक भाग माती आणि दोन भाग शुद्ध पाणी ढवळून क्षारता मोजायच्या मीटरनं चांगला आणि पांढरा पडलेला भाग तपासा. इथं प्रामाणिक राहणं जास्त गरजेचं आहे. आपल्याकडच्या क्षारपडीचं मोठं कारण जादा पाणी आणि निचऱ्याचा अभाव हे आहे. सगळा दोष हवामान बदलावर टाकला, तर जो चर खणल्यानं जमीन सुधारली असती, तो कुणी खणणारच नाही.

उसाच्या प्रयोगातही असंच आहे. परिषद संपल्यावर पोस्टर शाळेच्या भिंतीवर लागेल, पण नोंदवही घरी न्या. पुढच्या तोडणीनंतर पाचट पेटवायचं का यावर बोलणं निघेल, तेव्हा घरच्यांसमोर ती उघडा. त्यातले आकडे त्यांच्याच सरीतले असतील.